एनआयपीटी ‘हाय रिस्क’ आली, मग परत सुई कशाला?

प्रश्न: कोल्हापुरात राहतो. वहिनी २६ वर्षांची, १३वा आठवडा. आईच्या रक्तातून बाळाचा डीएनए तपासणाऱ्या एनआयपीटीच्या रिपोर्टात डाऊन सिंड्रोम ‘हाय रिस्क’, वर ‘९९ टक्के अचूक’. मग परत पोटात सुई कशाला?

उत्तर: कारण आईच्या रक्तात बाळाचा म्हणून मोजलेला डीएनए खरं तर वारेतून आलेला असतो. कधीकधी डाऊनला कारण असलेलं जादा २१वं गुणसूत्र फक्त वारेच्या पेशींत असतं, बाळात नसतंच.

आणि ९९ टक्के म्हणजे बाधित १०० बाळांपैकी ९९ सापडतात, एवढंच. हिशेब करा. वहिनींच्या वयाच्या १० हजार गर्भवतींत साधारण १० बाळांना डाऊन असतो. ती जवळपास सगळी सापडतील. उरलेल्यांत चूक हजारात एक धरली, तरी आणखी १० जणींना ‘हाय रिस्क’ येईल. म्हणजे निम्म्या ‘हाय रिस्क’ रिपोर्टांत बाळाला डाऊन नाहीच! (हे पहिल्या पानावर छापायला काय होतं, कोण जाणे.)

वारेचा तुकडा आत्ताही काढता येतो, पण तिथंही वारच. त्यापेक्षा सोनोग्राफी ठीक असेल तर सोळाव्या आठवड्यापर्यंत थांबून गर्भजल तपासणी करा. त्यात बाळाच्या स्वतःच्या पेशी मिळतात. फिश या झटपट गुणसूत्र चाचणीचा रिपोर्ट काही दिवसांत येतो, सगळी गुणसूत्रं बघणाऱ्या कॅरिओटाइपला दोन-तीन आठवडे लागतात. तोवर गर्भपाताच्या गोळ्या-बिळ्या अजिबात नकोत.