काचेवरची वाळू दोन फ्रेमच्या मध्ये किती साफ करायची?

प्रश्न: लाइट टेबलवर वाळूचं स्टॉप मोशन करतोय. दर फ्रेमनंतर मागे थोडे कण राहतातच. प्रत्येक वेळी काच पूर्ण साफ करू, की नंतर कॉम्प्युटरवर काढले तरी चालेल? रांगोळी वापरली तर? आणि कॅमेरा कोणता घेऊ?

उत्तर:

काच पूर्ण साफ करू नका, आणि कॉम्प्युटरवरही सोडू नका. या दोन्ही चुका मी एकाच शॉटमध्ये केल्या आहेत, म्हणून सविस्तर लिहिते.

आठ सेकंदांचा शॉट होता. पहाटेची खाडी, पाण्यावर धुकं, आणि एक पाणकावळा धुक्याच्या वरून डावीकडून उजवीकडे जातो. सेकंदाला १२ फ्रेम, म्हणजे एकूण ९६. वीतभर पंखांचा पक्षी, वर मोकळं आभाळ, खालच्या तिसऱ्या भागात धुकं. धुकं मी चहाच्या गाळणीतून वाळू भुरभुरवून केलं होतं. गाळणी काचेच्या फूटभर वर धरायची आणि बोटाने हलकेच टिचकी मारायची. कण इतके विरळ पडतात की खालून येणारा उजेड थोडासाच अडतो आणि काळ्याऐवजी मऊ राखाडी रंग दिसतो. वाळूची खरी गंमत या राखाडीत आहे. काळा आकार तर कागद कापूनही मिळतो.

पक्षी एक पाऊल पुढे सरकवला की मागे कणांचा माग राहायचा. मी तेव्हा फार काटेकोर होते, म्हणून दर फ्रेमला ब्रशने सगळं आभाळ झाडून घ्यायचे. एका फ्रेमला सात मिनिटं लागायची. ९६ फ्रेमचे अकरा तास झाले, तेही मे महिन्यात पंखा बंद ठेवून, कारण पंख्याच्या वाऱ्याने धुकं हलतं. शॉट चालवून पाहिला तर आभाळात सतत काहीतरी वळवळत होतं, जुन्या रिळावर पाऊस पडल्यासारखं. पक्ष्याकडे लक्षच जाईना.

झालं असं होतं की झाडल्याने कण जात नव्हते, फक्त जागा बदलत होते. कितीही झाडलं तरी काचेवर चाळीस-पन्नास कण उरतातच, आणि प्रत्येक झाडणीनंतर ते नव्या ठिकाणी असतात. तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर इथे आहे. जो कण ९६ फ्रेम एकाच जागी पडून राहतो तो डोळ्याला दिसत नाही, कागदाच्या पोतासारखा चित्रात मुरून जातो. जो कण एकाच फ्रेमपुरता येतो आणि जातो, तो मोहरीएवढा असला तरी ठिणगीसारखा चमकतो. त्रास घाणीचा होत नाही, घाण हलण्याचा होतो.

पुढचा भाग सांगताना अजून राग येतो. ज्या स्टुडिओसाठी हे काम चाललं होतं तिथला एडिटर म्हणाला, "ताई, कशाला जीव काढता, लेव्हल्स ओढल्या की पाच मिनिटांत आभाळ पांढरंशुभ्र." आणि त्याने ओढल्या. आभाळ पांढरं झालं, पण धुकं गेलं. स्वच्छ काचेचा उजेड २५५ पैकी साधारण २४० वर होता, धुकं २१५ ते २२५ च्या मध्ये आणि आभाळातले चुकार कण २२० च्या आसपास. कण पुसायला पांढऱ्याची हद्द २१५ वर आणली की त्याच्या वरचं सगळंच पांढरं होतं. कॉम्प्युटरला कण कुठला आणि धुकं कुठलं हे कसं कळणार? दोन्ही वाळूच, दोन्ही तितकीच विरळ.

मग त्याने फक्त आभाळापुरता मास्क केला. धुकं परत आलं, पण त्याच्या वरच्या कडेला एक रेघ दिसू लागली, आणि पक्ष्याच्या पंखांची टोकं खाल्ली गेली. ती टोकं मी मुद्दाम विरळ ठेवली होती, पंख फडफडताना हवेत विरल्यासारखी दिसावीत म्हणून. शेवटी तो एकेक फ्रेम रंगवत बसला, दोन दिवस, आणि मीटिंगमध्ये सांगितलं की हाताने काम करणारे गचाळ असतात म्हणून त्याचा वेळ जातो. मी तेव्हा गप्प बसले, कारण आभाळ वळवळत होतं हे खरंच होतं. पण कारण गचाळपणा नव्हतं. मी जरुरीपेक्षा जास्त साफ केलं होतं.

तो शॉट मी पुन्हा केला, माझ्या खर्चाने. या वेळी नियम एकच ठेवला: पक्ष्याने सोडलेली जागा, म्हणजे त्याच्या मागची बोटभर पट्टी, तेवढीच साफ करायची. बाकी काचेला हात लावायचा नाही, तिथे काही पडलेलं असलं तरीही. आणि साफ करताना वाळू बाहेर ढकलायची नाही, पक्ष्याच्या अंगात ढकलायची. शेपटीकडून छातीकडे. बाहेर झाडलेली वाळू आभाळात पसरते, आत ढकललेली पक्ष्याचाच भाग होते. असं करत गेलं की दहा-बारा फ्रेमनंतर पक्षी जाडसर व्हायला लागतो. मग त्याच्या पोटातून एक चिमूट उचलून घ्यायची.

हत्यारं साधीच आहेत. जुन्या एक्स-रे फिल्मचा दोन बोटं रुंद तुकडा वाळू ढकलायला, कारण तो लवतो आणि काचेवर चरा पाडत नाही. कडा रेखायला कानात घालायची कापसाची काडी, कोरडी. मऊ केसांचा अर्धा इंची चपटा ब्रश अगदी शेवटी, एकच फटका, तोही आतल्या दिशेने. एकटादुकटा कण उचलायला तान्ह्या बाळाचं नाक साफ करायचा रबरी फुगा घ्या. आधी दाबायचा, चोच कणाजवळ न्यायची आणि सोडायचा, कण आत ओढला जातो. फुगा काचेवर असताना पुन्हा दाबू नका, नाहीतर आत घेतलेलं सगळं धुक्यावर येऊन पडेल. लेन्स साफ करायचा ब्लोअर टेबलाजवळसुद्धा आणू नका. तोंडाने फुंकरही नको, श्वासातल्या ओलीने कण काचेला चिकटतात.

बटण दाबायच्या आधी सॉफ्टवेअरमध्ये मागची फ्रेम आणि आत्ताचं लाइव्ह चित्र आलटून पालटून पाहायचं. मी ड्रॅगनफ्रेम वापरते. पक्ष्यापासून लांब काही लुकलुकलं तर तो कण नवा आहे, तो उचला. जो लुकलुकत नाही तो कितीही खुपला तरी राहू द्या. या पद्धतीने फ्रेमला चार मिनिटं लागली, अख्खा शॉट साडेसहा तासांत झाला, आणि आभाळ शांत होतं. डावीकडे खालच्या कोपऱ्यात तीन जाडे कण ९६ फ्रेमभर तसेच बसले आहेत. त्याच एडिटरला मी तो शॉट लॅपटॉपवर चार वेळा दाखवला, त्याला ते दिसले नाहीत. पॉज करून बोट ठेवलं तेव्हा दिसले.

खरी सफाई शूटिंगच्या आदल्या दिवशीची. काचेला चिकटून राहते ती वाळू नसते, वाळूतली धूळ असते. म्हणून रांगोळी नकोच. ती दगडाची पूड, फरशीवर सुंदर, पण काचेवर पिठासारखी बसते आणि पुसली की पांढुरका थर उरतो. बांधकामाची क्रश सँडही नको. तिच्यात दगडाची भुकटी असते आणि धारदार कणांनी काचेवर ओरखडे पडतात. मी समुद्राची वाळू घेते. बादलीत गोड्या पाण्याने सात-आठ वेळा धुते, वरचं पाणी नितळ येईपर्यंत. मीठ राहिलं तर पावसाळ्यात वाळू ओल धरते आणि गाळणीतून गोळ्या पडतात. मग कढईत कोरडी भाजून घ्यायची आणि दोनदा चाळायची. रव्याच्या चाळणीतून पडते पण मैद्याच्या चाळणीत अडते, ती आपली. मैद्याच्या चाळणीखाली जे पडतं ते कुंडीत टाका.

वर साधी काच, खाली दुधी अ‍ॅक्रिलिक, दिवे त्याच्या वीतभर खाली. वाळू थेट अ‍ॅक्रिलिकवर टाकू नका, कोरड्या फडक्याने घासलं की त्यावर स्थिर वीज येते आणि बारीक कण उडून चिकटतात. घासलेली काच असेल तर गुळगुळीत बाजू वर ठेवा.

कॅमेऱ्याबद्दल फार काही नाही. मॅन्युअल मोड असलेला कुठलाही जुना डीएसएलआर चालेल. फोकस, एक्स्पोजर, व्हाइट बॅलन्स सगळं हाताने पक्कं करा, छिद्राची रिंग लेन्सवरच असलेली जुनी लेन्स मिळाली तर घ्या, कारण इलेक्ट्रॉनिक छिद्र दर वेळी किंचित वेगळं मिटतं आणि चित्र लुकलुकतं. बॅटरीऐवजी अ‍ॅडॅप्टर लावा. शॉटच्या मध्येच बॅटरी बदलताना कॅमेरा केसभर हलला तरी आधीच्या ५० फ्रेम वाया जातात.

वाळूचे स्टेज शो पाहून शिकू नका हेही सांगते. क्सेनिया सिमोनोव्हाने २००९ मध्ये युक्रेनच्या टीव्हीवर जे केलं ते वेगळं काम आहे. तिथे हात दिसतो, आणि अख्खं चित्र एका फटक्यात पुसणं हाच खेळ असतो. आपलं काम कॅरोलिन लीफच्या जातीचं. १९७४ मध्ये तिने कॅनडाच्या नॅशनल फिल्म बोर्डासाठी घुबड आणि हंसिणीची गोष्ट वाळूत केली, तेव्हा कण पुसायला कॉम्प्युटर नव्हताच. मागची फ्रेम मोडूनच पुढची करायची, परत जायची सोय नाही.

एक मात्र मान्य करायला हवं. तुमचं चित्र निव्वळ काळं-पांढरं असेल, धुकं नाही, विरळ कडा नाहीत, तर एडिटरचं म्हणणं बरोबर आहे: लेव्हल्स ओढा, कण जातील, काही बिघडणार नाही. आणि शूटिंगच्या आधी रिकाम्या काचेची एक फ्रेम घेऊन ठेवा. टेबलाच्या कडांना उजेड कमी पडला असेल तर तो नंतर तिच्यावरून दुरुस्त करता येतो. पण पक्षी धुक्यातून जाणार असेल तर या दोन्हींचा उपयोग नाही. तिथे त्याच्या मागची पट्टी साफ करून धुकं पुन्हा भुरभुरवावं लागतं, आणि ते आधीच्यासारखं कधीच पडत नाही. मी असे शॉट पक्षी आभाळात ठेवूनच आखते.