धनेशाच्या फोटोखाली काय लिहावं?

प्रश्न: कोकणात धनेश नराचा ढोलीकडे फळ नेतानाचा फोटो मिळालाय, घरटं कुठंय ते कळू न देता कॅप्शनमध्ये गोष्ट कशी सांगू?

उत्तर: जागा फक्त जिल्ह्यापुरती ठेवा आणि गोष्ट नराच्या वागण्याची सांगा, उदा. "रत्नागिरी जिल्हा, उन्हाळा. चोचीत फळ धरून हा बराच वेळ फांदीवर थांबला, आजूबाजूला बघून मगच उडाला." मादी ढोलीत स्वतःला बंद करून घेते, खाणं नरच फटीतून भरवतो, त्यामुळे झाडाखाली गर्दी झाली की तो यायला कचरतो आणि आत उपासमार होते. तीच ढोली पुढच्या वर्षीही वापरतात म्हणून जुना फोटोही उशिरा टाकून सुरक्षित होत नाही. फोटोतलं जीपीएस काढा, मागचं देऊळ किंवा ओळखू येणारं झाड क्रॉप करा, गाव कमेंटमध्येही सांगू नका. वनखात्याला मात्र नेमकी जागा थेट कळवायला हरकत नाही.