थर वर चढला की जाड झाला?

प्रश्न: अभ्यासाच्या ग्रुपवर भारताच्या वीजनिर्मिती क्षमतेच्या स्टॅक्ड बार चार्टचा स्क्रीनशॉट आलाय. मार्च २०१४, २०१९, २०२४ असे तीन खांब, चार रंग, डावीकडे ० ते २०० गिगावॅट, पण थरांवर आकडे नाहीत. प्रत्येकाचा वाटा वेगळा कसा काढायचा आणि सगळ्यात वेगाने काय वाढलं हे कसं ठरवायचं? मला लघु जलविद्युत वाटतंय, कारण त्याचा थर सगळ्यात जास्त वर गेलाय.

उत्तर:

लघु जलविद्युत नाही. सगळ्यात वेगाने वाढली ती सौर. पण तुमची नजर जिथे फसली तिथेच सगळ्यांची फसते, म्हणून तुमचाच स्क्रीनशॉट मोजून दाखवते. वीजक्षेत्राचे आकडे रोज हाताळणं हे माझं काम आहे आणि असे आलेख मला आठवड्यातून दोनदा तरी मोजावे लागतात.

आठवीच्या गणितात आपण ‘विभाजित स्तंभालेख’ शिकलो, तोच हा. त्यात फक्त सगळ्यात खालचा थर शून्यावर उभा असतो. बाकीचा प्रत्येक थर खालच्या थराच्या डोक्यावर बसलेला असतो, त्यामुळे खालचे वाढले की वरचा आपोआप उचलला जातो. तो स्वतः तसूभर वाढला नसला तरी. तुमच्या आलेखात सगळ्यात खाली मोठे जलविद्युत, त्यावर पवन, त्यावर सौर आणि अगदी वर लघु जलविद्युतची बारीक पट्टी आहे. म्हणून थर किती उंचावर आहे ते बघायचं नाही, तो किती जाड आहे ते बघायचं. वरच्या कडेतून खालची कड वजा केली की जाडी मिळते.

मोजायला काही विशेष लागत नाही. स्क्रीनशॉट विंडोजच्या पेंटमध्ये उघडा. चित्रावर माउस फिरवला की खाली डाव्या कोपऱ्यात दोन आकडे दिसतात. त्यातला दुसरा आपल्या कामाचा. तो चित्राच्या वरच्या काठापासून खाली मोजतो, म्हणजे जितकं वर जाल तितका आकडा लहान होतो. पहिल्यांदा हे उलटंपालटं वाटतं, पण वजाबाकीत त्याने फरक पडत नाही.

आधी मापपट्टी ठरवून घ्यायची. तुमच्या चित्रात ० ची रेघ ५२० वर आहे आणि २०० ची रेघ १२० वर. मधे ४०० पिक्सेल, म्हणजे एक पिक्सेल अर्ध्या गिगावॅटचा. मधल्या १०० च्या रेघेवरही माउस नेऊन बघा. ती ३२० वर सापडली तर अक्ष सरळ आहे. सापडली नाही तर अक्षावरची अंतरं सारखी नसतील किंवा फोटो तिरका काढलेला असेल, आणि मग पुढचा सगळा हिशेब चुकेल. तुमच्या चित्रात ती बरोबर ३२० वर आहे.

आता पहिला खांब, २०१४ चा. पाया ५२० वर. मोठ्या जलविद्युतची वरची कड ४३९ वर, पवनची ३९७ वर, सौरची ३९२ वर आणि लघु जलविद्युतची ३८४ वर. लगतच्या कडा एकमेकींतून वजा केल्या की जाडी अनुक्रमे ८१, ४२, ५ आणि ८ पिक्सेल. निम्मं केलं की गिगावॅट: साडेचाळीस, एकवीस, अडीच आणि चार.

२०२४ च्या खांबातल्या कडा ४२६, ३३४, १७१ आणि १६१ वर आहेत. जाडी ९४, ९२, १६३ आणि १०. म्हणजे मोठे जलविद्युत ४७, पवन ४६, सौर साडेएक्याऐंशी आणि लघु जलविद्युत ५ गिगावॅट.

आता तुमची बारीक पट्टी बघा. तिची वरची कड ३८४ वरून १६१ वर आली, म्हणजे तब्बल २२३ पिक्सेल वर गेली. त्यातले तिचे स्वतःचे पिक्सेल दोन. उरलेले २२१ खालच्या तिघांनी तिला उचलून दिलेले. त्यातही १५८ एकट्या सौरचे, ५० पवनचे आणि १३ मोठ्या जलविद्युतचे. एकूण वाढीत कोणाचा किती हातभार, हेही इथेच कळतं: १५८ ला २२३ ने भागा, सौरचा वाटा ७१ टक्के. पवनचा २२ टक्के, मोठ्या जलविद्युतचा जेमतेम ६ आणि लघु जलविद्युतचा एक टक्का.

लॅपटॉप हाताशी नसेल तर कागदाच्या सरळ काठाचा एक तुकडा घ्या. फोनच्या स्क्रीनवर २०१४ च्या थराच्या बाजूला धरा, वरखाली पेन्सिलीने दोन खुणा करा आणि तोच कागद २०२४ च्या थरापाशी सरकवा. खालची खूण थराच्या खालच्या कडेला टेकवायची, मग वरची खूण कुठे येते ते बघायचं. मोठ्या जलविद्युतवर हे करून पाहा. खुणेच्या वर थोडीशीच पट्टी उरते. सौरला मात्र २०१४ ची खूण तीस वेळा एकावर एक ठेवावी लागेल. फक्त चित्र मोठं-लहान करू नका, नाहीतर पहिल्या खुणा निकामी होतात.

‘वेगाने’ या शब्दावर मात्र थोडं थांबायला हवं, कारण त्याचे दोन अर्थ होतात आणि परीक्षेतले गुण बहुतेक इथेच जातात. एक म्हणजे किती गिगावॅट वाढले. दुसरा म्हणजे जिथून सुरुवात केली त्याच्या किती पट झाले. सौर दोन्हींत पहिली येते, म्हणून या प्रश्नात अडचण नाही. पण त्याच सौरचे दोन टप्पे बघा. २०१९ च्या खांबात तिची जाडी ५६ पिक्सेल आहे, म्हणजे २८ गिगावॅट. पहिल्या पाच वर्षांत ती ५१ पिक्सेलने वाढली, पुढच्या पाच वर्षांत १०७ पिक्सेलने. डोळ्यांना दुसरा टप्पा दुप्पट वेगाचा दिसतो, आणि गिगावॅटमध्ये तो तसा आहेही. पटीत मात्र चित्र उलटं होतं: अडीचचे २८ म्हणजे अकरा पट, २८ चे साडेएक्याऐंशी म्हणजे तीन पटही नाही. वर्षाचा सरासरी दर हवा असेल तर स्प्रेडशीटमध्ये असं लिहा:

```
=(28/2.5)^(1/5)-1
=(81.5/28)^(1/5)-1
```

पहिल्याचं उत्तर सुमारे ६२ टक्के येतं, दुसऱ्याचं सुमारे २४ टक्के. भर वाढली आणि दर उतरला, दोन्ही एकाच वेळी खरं आहे. पाया लहान असताना थोडीशी भरही मोठी टक्केवारी दाखवते. म्हणून उत्तर लिहिताना ‘गिगावॅटमध्ये’ की ‘टक्क्यांत’ हा शब्द गाळू नका.

पवनची गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते, कारण ती या आलेखात पूर्ण झाकली जाते. पवनची वरची कड तिन्ही खांबांत चढतच जाते, त्यामुळे सगळं सुरळीत चाललंय असं वाटतं. जाडी मोजली तर ४२, ७१, ९२. म्हणजे आधी २९ पिक्सेलची भर, नंतर २१ची. पवनऊर्जेची वाढ दुसऱ्या टप्प्यात मंदावली, गिगावॅटमध्येही आणि टक्क्यांतही. हे नुसत्या नजरेला दिसूच शकत नाही.

उलट मोठ्या जलविद्युतचा एकूण खांबातला वाटा ६० टक्क्यांवरून २६ टक्क्यांवर आला. हाच आलेख शतमान स्तंभालेखाच्या रूपात, म्हणजे प्रत्येक खांब १०० टक्क्यांचा करून आला असता, तर जलविद्युत घटलं असं कोणीही लिहून मोकळं झालं असतं. प्रत्यक्षात ते ८१ पिक्सेलचं ९४ झालं. त्यामुळे अक्षावर गिगावॅट आहे की टक्के, हे सगळ्यात आधी वाचायचं.

आता या पद्धतीची मर्यादा. व्हॉट्सॲपवरून आलेल्या चित्रात दोन रंगांच्या सीमेवर पुसटसा पट्टा तयार होतो. त्याच्या मध्यावर मोजायचं. तरीही जाडीत एखादा पिक्सेल इकडेतिकडे होणारच. ९४ पिक्सेलच्या थरात त्याने काही बिघडत नाही. पाच पिक्सेलच्या थरात बिघडतं. २०१४ ची सौर ४ पिक्सेल धरली तर दहा वर्षांची वाढ ४१ पट येते, ६ धरली तर २७ पट. म्हणून मी ‘सुमारे तीस पट’ एवढंच म्हणेन. कोणी स्क्रीनशॉटवरून ‘३२.६ पट’ लिहिलं असेल तर ती अचूकता चित्रात नाहीच.

लघु जलविद्युतचंही तेच. ८ चे १० पिक्सेल म्हणजे २५ टक्के, मोठ्या जलविद्युतच्या १६ टक्क्यांपेक्षा जास्त. पण ८ च्या जागी ७ ते ९ आणि १० च्या जागी ९ ते ११ काहीही असू शकतं, म्हणजे वाढ शून्य टक्के ते ५७ टक्के यांच्यात कुठेही. या दोघांत टक्क्यांनी कोण पुढे, हे या चित्रावरून सांगताच येत नाही. तिथे मूळ तक्ताच उघडावा लागतो. केंद्रीय विद्युत प्राधिकरण आणि नवीन व नवीकरणीय ऊर्जा मंत्रालय स्थापित क्षमतेचे आकडे दर महिन्याला संकेतस्थळावर टाकतात. त्यानुसार लघु जलविद्युत ३.८० गिगावॅटवरून ५.०० वर गेलं, म्हणजे सुमारे ३२ टक्के. मोठं ४०.५३ वरून ४६.९३ वर, म्हणजे सुमारे १६ टक्के. टक्क्यांत लघु पुढे, गिगावॅटमध्ये मोठं कितीतरी पुढे. बाकी थरांचं आपलं मोजमाप तक्त्याच्या जवळच बसतं: सौर २.६३ वरून ८१.८१, पवन २१.०४ वरून ४५.८९.

तक्ता बघताना वर्गवारीचे शब्द नीट वाचा. आपल्याकडे २५ मेगावॅटपर्यंतचा जलविद्युत प्रकल्प ‘लघु’ धरतात. मार्च २०१९ पासून मोठे जलविद्युतही नवीकरणीय ऊर्जेत धरलं जातं. एखाद्या आलेखात नुसतं ‘नवीकरणीय’ असा एकच थर असेल आणि २०१९ नंतर तो एकदम ४५ गिगावॅटने जाड झालेला दिसला, तर ती बहुधा नव्या प्रकल्पांची वाढ नसते, नुसती वर्गवारी बदललेली असते. आणि हे सगळे आकडे क्षमतेचे आहेत, तयार झालेल्या विजेचे नाहीत. सौर पॅनेल रात्री वीज देत नाहीत, त्यामुळे निर्मितीच्या आलेखात सौरचा थर एवढा जाड दिसणार नाही. तुमच्या चित्राच्या शीर्षकात ‘स्थापित क्षमता’ आहे, तेच शब्द उत्तरातही ठेवा.