व्हायरल ताप आणि अँटिबायोटिक: वाचकांचे प्रश्न

मागच्या वेळी अझिथ्रोमायसिनच्या तीन गोळ्यांनी माझा ताप उतरला होता. यावेळी डॉक्टर ती द्यायला तयार नाहीत. का?

गोळी घेतल्यावर ताप उतरला हे खरं, पण दिवस मोजून बघा. साधा व्हायरल ताप बहुतेकदा तीन ते पाच दिवसांत आपला आपण जातो. समजा, सोमवारी संध्याकाळी कणकण आली. मंगळवार पॅरासिटामॉलवर निघाला. बुधवारी रात्री ताप पुन्हा 102 वर गेला, घरचे धास्तावले आणि कोणीतरी मेडिकलमधून अझिथ्रोमायसिन आणली. शुक्रवारी ताप गेला. तो एरवीही त्याच सुमारास जाणार होता. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडली!

अझिथ्रोमायसिन जिवाणूचं प्रथिनं बनवण्याचं काम बंद पाडते. अमॉक्सिसिलिन त्याला बाहेरची भिंत बांधू देत नाही. विषाणूला अशी भिंत नसते आणि प्रथिनं बनवायला तो आपल्याच पेशींची यंत्रणा वापरतो. त्यामुळे कितीही 'हाय पॉवर'ची गोळी घेतली, तरी तिचा विषाणूवर परिणाम होत नाही.

शेंबूड हिरवा-पिवळा झालाय. म्हणजे आता अँटिबायोटिक लागणारच ना?

नाही. तो रंग आपल्याच पांढऱ्या पेशींमुळे येतो, साध्या सर्दीतही येतो. सर्दी दहा दिवसांनंतरही जराही कमी नसेल, किंवा बरं वाटू लागल्यावर पुन्हा ताप येऊन गाल-कपाळ ठणकू लागलं, तर मात्र दाखवून घ्या.

मुलगी 12 किलोची आहे. पॅरासिटामॉल दिलं की ताप उतरतो, दोन तासांत परत चढतो. औषध बदलू का?

आधी मात्रा तपासा. अनेकदा ती कमी पडलेली असते. मुलांसाठी एका वेळी किलोमागे 15 मिलिग्रॅम हा हिशेब धरतात, म्हणजे हिला 180 मिलिग्रॅम. बाटलीवर '5 मिलीत 250 मिलिग्रॅम' असेल तर 3.6 मिली; '5 मिलीत 120 मिलिग्रॅम' असेल तर 7.5 मिली. घोटाळा होतो तो इथेच. जुनी बाटली संपते, नवी दुप्पट तीव्रतेची येते आणि माप तेच राहतं. लहान बाळांचे ड्रॉप्स तर आणखी तीव्र असतात. म्हणून प्रत्येक नव्या बाटलीचं लेबल वाचा आणि चमच्याऐवजी मापाची सिरिंज वापरा. दोन डोसांत किमान चार, शक्यतो सहा तासांचं अंतर ठेवा आणि 24 तासांत चारपेक्षा जास्त डोस देऊ नका. सर्दीच्या काही सिरपमध्येही पॅरासिटामॉल असतं, तेही हिशेबात धरा.

मात्रा बरोबर असूनही ताप परत चढला, तर घाबरू नका. या औषधाचा असर चार-सहा तासच टिकतो आणि ते आजार बरा करत नाही, अंगदुखी आणि ताप कमी करून मुलाला आराम देतं. ताप उतरल्यावर मूल खेळतंय, पाणी पितंय, लघवी नीट होतेय, हे आकड्यापेक्षा महत्त्वाचं. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला 100.4 ताप आला, तर मात्र त्याच दिवशी दवाखाना गाठा.

अँटिबायोटिक घेतलंच, तर बिघडतं काय? आणि खरोखर लागतं कधी?

जुलाब आणि पुरळ हे तर नेहमीचेच त्रास. आतड्यातले औषधाला दाद न देणारे जिवाणू फोफावतात, हे दुसरं. पण पावसाळ्यात मला जास्त खटकतो तो निदानाचा घोळ. ताप टायफॉइडचा निघाला, तर खात्रीची तपासणी म्हणजे ब्लड कल्चर. आधी दोन-चार गोळ्या पोटात गेल्या असतील, तर त्यात जिवाणू अनेकदा वाढतच नाहीत. मग विडालवर भिस्त ठेवावी लागते, आणि पहिल्या आठवड्यात ती चाचणी भरवशाची नसते.

लागतं तेव्हा ते वेळेत सुरू व्हायलाच हवं. साचलेल्या पाण्यातून चालल्यानंतर काही दिवसांनी ताप, पोटऱ्यांत तीव्र वेदना आणि लाल डोळे अशी लक्षणं असतील, तर लेप्टोस्पायरोसिसचा संशय येतो. तिथे डॉक्टर रिपोर्टची वाट न बघताही डॉक्सिसायक्लिन सुरू करू शकतात. डॉक्टरांनी असा कोर्स दिला असेल, तर ही पोस्ट वाचून तो परस्पर थांबवू नका.

ताप तीन दिवसांपुढे गेला, तर डॉक्टरांकडे जाऊन रक्त तपासून घ्या. मलेरिया आणि डेंग्यू वगळणं गरजेचं आहे, कारण दोन्हींवर ही अँटिबायोटिक हा इलाज नव्हे. डेंग्यूची शक्यता असेपर्यंत आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक, अ‍ॅस्पिरिन टाळा. त्यांनी रक्तस्रावाचा धोका वाढतो. (हृदयविकारासाठी रोज अ‍ॅस्पिरिन घेणाऱ्यांनी मात्र आधी डॉक्टरांना विचारावं.) डेंग्यूत ताप उतरल्यानंतरचे एक-दोन दिवस जास्त जोखमीचे असतात. तेव्हा पोटात सतत दुखणं, वारंवार उलट्या, हिरड्यांतून रक्त, लघवी कमी होणं किंवा सुस्ती यांतलं काहीही दिसलं, तर रात्र असली तरी रुग्णालयात न्या.