चार कंपन्या, एक कागद

प्रश्न: वकीलताई, यवतमाळ जिल्ह्यात आमची पाच एकर कोरडवाहू आहे. कापूस विकून 1,35,000 आले, तूर 45,000 ची होईल. सोसायटीचं पीककर्ज 1,10,000. बायकोच्या नावावर तीन कंपन्यांचं गटकर्ज, बाकी 38, 27 आणि 19 हजार. महिन्याचे हप्ते 2,600, 2,100 आणि 1,700. शेवटचं कर्ज आधीचे हप्ते भरायलाच घेतलं. मोटारसायकलचे 41,000 बाकी, हप्ता 2,900. वरून गावातल्या एकाचे 50,000, शेकडा पाच रुपये महिना. त्याच्याजवळ माझा कोरा चेक आहे. दोघांची मजुरी वर्षाला 90,000. रोज कोणी ना कोणी दारात. कापसाचा पैसा कोणाले आधी देऊ? सगळ्यांचा मिळून एकच हप्ता करून भेटते का?

उत्तर: भाऊ, आधी सोसायटीचे 1,10,000 भरा, आणि मुदत संपायची वाट पाहू नका, तोवर ते घरात टिकणार नाहीत. जो दारात जास्त ओरडतो त्याला आधी द्यायचं, हीच चूक मी दर हंगामात पाहते. सोसायटीचा सचिव ओरडत नाही, पण तुमचं सर्वांत स्वस्त कर्ज तेच आहे. मुदतीत भरलं तर पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेत 3 लाखांपर्यंतच्या पीककर्जाला व्याज लागत नाही आणि खरिपाला नवं कर्ज मिळतं. ते थकलं, की बियाण्यासाठी पुन्हा शेकडा पाचवाल्याकडे जावं लागेल.

आता एका हप्त्याचं. सगळ्या सावकार-कंपन्यांना एकत्र बांधून घेईल असा आदेश साध्या शेतकऱ्याला सहज मिळेल, अशी सोय आपल्याकडे नाही. 2016 च्या दिवाळखोरी संहितेत व्यक्तींसाठी प्रकरण आहे, पण तुमच्यासारख्यांना ते अजून लागू झालेलं नाही. म्हणजे काम संमतीनेच करावं लागेल. बँकांची आर्थिक साक्षरता केंद्रं असतात. जिल्ह्याच्या अग्रणी बँकेत चौकशी करा. तिथला समुपदेशक फुकट बसून हिशेब मांडून देतो, पत्र लिहायला मदत करतो. कंपनीवर जबरदस्ती मात्र तो करू शकत नाही. ‘सगळे हप्ते बंद करा, आम्हाला फी द्या, आम्ही कर्जमुक्त करतो’ म्हणणाऱ्या एजंटाच्या नादी लागू नका.

हिशेब असा मांडा. पीककर्ज फेडल्यावर कापूस-तुरीतून 70,000 उरतात. मजुरी धरून वर्षाचे 1,60,000. घरखर्च तुम्ही लिहिला नाही. महिन्याला 9,000 धरला तर 1,08,000 गेले. उरले 52,000. त्यातले 7,000 दवाखान्यासाठी बाजूला ठेवले, की कंपन्यांसाठी वर्षाला 45,000 राहतात. त्याहून एक रुपयाही जास्त कबूल करू नका.

तीन गटकर्जं आणि गाडी मिळून बाकी 1,25,000 आहे. 45,000 म्हणजे प्रत्येकाला बाकीच्या शेकडा 36 रुपये: 38,000 वाल्याला वर्षाला 13,680, 27,000 वाल्याला 9,720, 19,000 वाल्याला 6,840 आणि गाडीवाल्याला 14,760. तीन वर्षांत 1,35,000 जातात, म्हणजे आजची सगळी बाकी आणि वर 10,000 व्याज. महिन्याला चौघांना मिळून 2,000 द्या आणि उरलेले 21,000 कापूस-तूर विकल्यावर. आपल्याकडे पैसा दर महिन्याला येत नाही, मग हप्ताही तसा कशाला ठरवायचा? कंपनी व्याज सहज सोडणार नाही, मुदत वाढवायला आधी तयार होईल. मग चौथं वर्ष द्या, पण वर्षाचे 45,000 वाढवू नका. गाडी मात्र तारण आहे; ती कंपनी शेकडा 36 ला अडली, तर तिच्या लेखी संमतीने गाडी विकून बाकी फेडण्याचाही विचार करा.

शेकडा सारखाच ठेवण्यामागे कारण आहे. एका कंपनीला गुपचूप जास्त दिलं आणि दुसरीला कळलं, की बोलणी तिथेच मोडतात. माझ्याकडच्या एका प्रकरणात नेमकं असंच झालं. तिसऱ्या कंपनीने दुसरीची पावती पाहिली आणि तिची माणसं उठून गेली. म्हणून चारही नावं आणि चारही आकडे एकाच कागदावर टाका आणि तोच कागद सगळ्यांना द्या.

कंपन्यांशी बोलताना एक मुद्दा तुमच्या बाजूचा आहे. रिझर्व्ह बँकेच्या 2022 च्या निर्देशांप्रमाणे गटकर्ज देताना कुटुंबाचे सगळे हप्ते मिळून महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्याच्या आत राहिले पाहिजेत. तुमचं उत्पन्न महिन्याला सरासरी 13,300, निम्मं 6,650. तिसरं कर्ज देण्याआधीच हप्ते 7,600 होते. याने कर्ज माफ होत नाही, तशी आशा ठेवू नका. पण त्यांनी उत्पन्न किती लिहिलं होतं, ते कागद लेखी मागा. बऱ्याचदा कंपनीचा सूर तिथेच बदलतो. वसुलीसाठी सकाळी 9 च्या आधी आणि संध्याकाळी 6 नंतर येण्यालाही त्याच निर्देशांत मनाई आहे. कंपनीने तक्रारीला 30 दिवसांत समाधानकारक उत्तर दिलं नाही, तर cms.rbi.org.in वर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा. आणि वहिनींना गटातल्या बायांना आधीच सांगू द्या. गटाच्या मीटिंगमध्ये अचानक कळलं तर त्याच पहिल्या उलटतील.

शेकडा पाचवाल्याला या कागदावर घेऊच नका. वर्षाला 60 टक्के! परवाना असलेल्या सावकारालाही शेतकऱ्याकडून विनातारण कर्जावर वर्षाला 12 टक्क्यांच्या वर घेता येत नाही. याचा परवाना आहे का, हे तालुक्याच्या सहायक निबंधक, सहकारी संस्था यांच्याकडे विचारा. नसेल तर तिथेच लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या. 2014 च्या सावकारी कायद्यात विनापरवाना सावकारी हा गुन्हा आहे. तक्रारीत चेकचा नंबर नक्की लिहा. चेक थांबवला म्हणजे सुटलो, असं नाही. तो वटला नाही आणि नोटीस आली, तर पंधरा दिवसांच्या मुदतीच्या आत वकिलाकडे जा. त्या वेळी आधीच्या तारखेची तक्रार हाताशी असणं फार कामाचं ठरतं.

आता बोलणी कुठे करायची? कंपन्यांच्या ऑफिसांत एकेक करून फिरू नका. तालुका न्यायालयाच्या आवारात विधी सेवा समिती असते. तिथे दावा दाखल होण्याआधीच लोकअदालतीसाठी अर्ज देता येतो, आणि तो कर्जदारही देऊ शकतो. अर्ज कंपनीनेच करायचा असतो, हा गैरसमज आहे. गटकर्जं वहिनींच्या नावावर आहेत, म्हणून त्यांच्या सहीने अर्ज द्या. बाईला उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो. गाडीचं कर्ज तुमच्या नावावर असेल तर त्याचा तुमचा अर्ज सोबत जोडा, म्हणजे चारही कंपन्यांना एकाच तारखेला बोलावता येईल. आली नाही तर तिच्यावर सक्ती नाही, पण तीन बसल्या की चौथी बहुतेक येते.

तडजोड झाली, की तिला न्यायालयाच्या हुकूमनाम्याची ताकद येते आणि तिच्यावर अपील नाही. ही दुधारी गोष्ट आहे. हप्ता चुकला, तर कंपनी दावा न लावता थेट वसुलीला जाते. म्हणून सही करण्याआधी तीन ओळी वाचून घ्या. ‘एक हप्ता चुकल्यास संपूर्ण रक्कम देय’ असं असेल, तर ‘लागोपाठ दोन’ करून घ्या. मोठ्या हप्त्याची तारीख फेब्रुवारी अखेर ठेवा, तूर विकलेली असते. आणि आजवरचा दंड माफ आहे, हे आकड्यासकट लिहिलेलं पाहा. तोंडी ‘होऊन जाईल’ म्हणालेला अधिकारी पुढच्या तारखेला बदललेला असतो.

तारखेला जाताना तिन्ही कंपन्यांची हप्त्यांची कार्डं, गाडीच्या कर्जाचा उतारा, सातबारा, कापसाची विक्रीपावती आणि सोसायटीत भरल्याची पावती घ्या. ती शेवटची पावती सगळ्यांत वर ठेवा. कापसाचा पैसा कुठे गेला, पहिला प्रश्न तोच येणार आहे.