गेल्या वर्षी सोनोग्राफीत फॅटी लिव्हर ग्रेड १ होती, यंदा ग्रेड २ आली. आजार वाढला का? खाण्यात काय बंद करू?

सोनोग्राफी करणं हा माझा रोजचा धंदा आहे, म्हणून आधी हे सांगतो: तुमची ग्रेड कुठलंही मशीन मोजत नाही, ती आम्ही डोळ्यांनी ठरवतो. लिव्हर शेजारच्या उजव्या किडनीपेक्षा जरा पांढरं दिसलं, पण आतल्या रक्तवाहिन्यांच्या कडा स्वच्छ दिसत असल्या, तर ग्रेड १. त्या कडा पुसट झाल्या तर ग्रेड २. लिव्हरच्या मागची बाजू आणि छातीखालचा पडदाच दिसेनासा झाला तर ग्रेड ३. पडद्यावरचा उजेड वाढवला, मशीन बदललं, पोटावर चरबी जास्त असली किंवा तपासणारा दुसरा असला, की १ ची २ व्हायला वेळ लागत नाही. त्यामुळे एका ग्रेडच्या फरकावरून मी तरी 'वाढला' असं म्हणणार नाही.

दुसरं म्हणजे, ग्रेड फक्त चरबी सांगते. लिव्हरला कडक व्रण पडलेत का, ज्याला फायब्रोसिस म्हणतात, ते ती सांगत नाही. आणि पुढे त्रास देतात ते व्रणच.

हे मी आमच्या घरात किती वर्षं ओरडून सांगतोय! माझ्या ताईची ग्रेड ३ आली तेव्हा घरात सुतक पडल्यासारखं झालं. दाजींची ग्रेड १. मग काय, दाजी जेवताना तिच्या ताटातला भात काढणार आणि स्वतः 'आमचं काय, फक्त ग्रेड वन' म्हणत शनिवारी दोन पेग लावणार. डायबेटिस जुना, पोट सुटलेलं, पण तूप बंद केलं म्हणून पथ्य पूर्ण! चहा मात्र साखरेचा, दिवसातून पाच-सहा वेळा.

मी त्यांचे रक्ताचे जुने रिपोर्ट मागवून घेतले. वय ५४, एसजीओटी ६२, एसजीपीटी ५८, प्लेटलेट १ लाख ४५ हजार. यातून फिब-४ नावाचा आकडा निघतो: वय गुणिले एसजीओटी, आणि त्याला भागायचं प्लेटलेट (हजारात) गुणिले एसजीपीटीचं वर्गमूळ. म्हणजे आधी ५४ गुणिले ६२, मग १४५ गुणिले ७.६, आणि पहिल्या उत्तराला दुसऱ्याने भागायचं. उत्तर ३ च्या आसपास. १.३ च्या खाली असेल तर व्रणांची शक्यता कमी, २.६७ च्या वर गेला की डॉक्टरकडे जायलाच हवं. ताईचा आकडा ०.८ सुद्धा नव्हता. व्रणांनी लिव्हर किती कडक झालंय ते मोजणारा फायब्रोस्कॅन केला तेव्हा दाजींचं लिव्हर कडक निघालं, ताईचं मऊ. लिव्हर फार खराब होत गेलं की त्यातली चरबी कमीही होते, म्हणजे ग्रेड उतरली म्हणून दरवेळी पेढे वाटायचे नसतात.

दाजींचं उत्तर काय, तर 'तुमची मशीनं एकमेकांशी भांडतात.' मशीनं भांडत नाहीत, ती दोन वेगळ्या गोष्टी बघतात.

आता तुमच्या खाण्याबद्दल. ग्रेड १ ला एक पथ्य आणि ग्रेड २ ला दुसरं, असं काही नाही. वजन जास्त असेल तर ते उतरवा. ८० किलोच्या माणसाचे ४ किलो गेले तरी चरबी कमी होऊ लागते, सूज उतरायला ६ ते ८ किलो लागतात, व्रणांवर परिणाम दिसायला साधारण ८ किंवा त्याहून जास्त. तेही महिन्यात नाही, उपाशी राहून झटपट उतरवलेलं वजन लिव्हरला उलट त्रास देऊ शकतं. तूप चमचाभर खाल्लंत तर मी भांडणार नाही. साखरेचा चहा, कोल्ड्रिंक, डब्यातला ज्यूस आणि जेवणात भाताच्या डोंगरावर आणखी तीन चपात्या, हे आधी कमी करा. भाकरी आहे म्हणून मोजायची नाही, असंही नाही. आठवड्यात दीडशे मिनिटं दम लागेल असं चाला. लिव्हर साफ करणारी सिरपं विकत घेऊ नका. आणि दारू: 'ग्रेड वन आहे म्हणून चालते' हे वाक्य दाजींच्याच तोंडी शोभतं. व्रण असतील तर एक पेगही नको.

एक राहिलं. फिब-४ पस्तिशीच्या आत फारसा विश्वासाचा नाही, पासष्टीनंतर १.३ ऐवजी २ धरतात. नुकताच डेंग्यू किंवा तसला ताप येऊन गेला असेल तर प्लेटलेट पडलेल्या असतात, आकडा उगाच फुगतो. तुम्हाला तसं काही झालं असेल तर महिनाभर थांबून रक्त द्या, मगच तो आकडा काढा.