खालून वर

"आई, तू त्या दगडाला हात जोडलेस. कोण आहे विचारलं तर म्हणालीस माहीत नाही. ज्याचं नावसुद्धा माहीत नाही त्याला नमस्कार कशाला?"

ईरा,

विमानात तू हे विचारलंस तेव्हा मी झोपेचं सोंग घेतलं. खरं सांगायचं तर लागलं मला. तुझ्या बोलण्यात वावगं काही नव्हतं. पण असा प्रश्न मला तुझ्या वयात कधी पडला नाही, याचंच वाईट वाटलं. ॲडलेडला येऊन पंधरा दिवस झाले. आता लिहिते. वाच, नाही वाचलंस तरी चालेल.

भैरोबाच्या देवळामागचा तो दगड म्हणजे वीरगळ. कानडीत दगडाला कल्लु म्हणतात, त्यातला 'गळ' हा. वीराचा दगड. लढाईत पडलेल्या माणसाच्या आठवणीला उभा केलेला. आम्हाला लहानपणी हे कुणी सांगितलं नव्हतं. आमच्यासाठी ते 'पांडव' होते. तीन कप्पे, त्यात माणसं, म्हणजे भीम-अर्जुन असणारच. बाकीचे दोघं कुठंयत विचारलं तर माई म्हणायची, "गेले असतील रानात." मी, सुमाताई आणि बाळूदादा त्याच दगडाला टेकून चिंचा खायचो. गावात असा आणखी एक दगड होता, आडवा पडलेला. त्यावर बायका गोधड्या धुवायच्या. आपल्या जुन्या गोठ्याची पायरी आठवते ना तुला, जिच्यावर तू घसरलीस? तिची खालची बाजू कोरलेली आहे. पणजोबांनी कधीतरी आणून पालथी घातली असणार. म्हणजे 'आम्ही किती जपलं' असा आव मी आणूच शकत नाही.

दगड वाचायला शिकवलं आबांनी, माईच्या धाकट्या दिरांनी. शाळामास्तर होते, पण हे त्यांना शाळेनं शिकवलं नव्हतं, पायपिटीनं शिकवलं होतं. वाई तालुक्यातल्या किकलीला भैरवनाथाच्या देवळाजवळ वीरगळांच्या रांगाच रांगा आहेत. आबा सायकलवरून तिथं जायचे, दिवसभर बसायचे आणि आल्यावर काकूच्या शिव्या खायचे. मी सातवीत होते. एकदा पहाटे त्यांनी मला उठवून देवळामागं नेलं. हातात पाण्याचा तांब्या.

"काय दिसतंय सांग."

मी वरून सुरू केलं, तू केलंस तसंच. वर एक माणूस महादेवाच्या पिंडीपुढं हात जोडून बसलाय. त्याच्याखाली त्यालाच दोन बाया दंडाला धरून नेतायत. त्याच्याखाली मारामारी. म्हणजे देवभक्त माणूस होता, बायांच्या नादी लागला आणि मारामारीत संपला. आबा इतके हसले की त्यांना ठसका लागला. "खालनं वर वाच, पोरी. माणूस खाली मरतो आणि वर जातो."

मग त्यांनी तांब्यातलं पाणी दगडावर ओतलं. काळा दगड ओला झाला की झिजलेल्या कडासुद्धा उठून दिसतात. आणि ऊन अजून तिरकं होतं, त्यामुळं प्रत्येक रेषेला सावली होती. दुपारी बारा वाजता तोच दगड सपाट दिसतो. आपण या वेळी गेलो तेव्हा बारा वाजले होते, आणि त्यावर कुणीतरी चंदेरी ऑइल पेंट फासलेला होता. तुला काही कळलं नाही यात तुझा दोष नाही.

खालून दिसणारा पहिला कप्पा लढाईचा. त्यात तीन माणसं आहेत. डावीकडचा मोठा, उजवीकडचे दोघं त्याच्या खांद्याएवढे. ते दोघं लहान मुलं नाहीत. ज्याच्यासाठी दगड उभा केला त्याला कोरणारा मोठा दाखवतो. हाच आपला माणूस हे ओळखायची आणखी एक खूण आबांनी दाखवली. डोक्यामागं एका बाजूला बांधलेला केसांचा बुचडा. तो बुचडा धरून वर जायचं. प्रत्येक कप्प्यात जो बुचडेवाला, तो एकच माणूस. त्याच्या हातात तलवार आणि गोल ढाल, समोरच्यांकडे भाले. घोडा नाही, हत्ती नाही, डोक्यावर छत्र नाही. म्हणजे राजा किंवा सरदार नसावा, पायी लढणारा कुणी गावचाच गडी. वरच्या कप्प्यातल्या बाया अप्सरा, त्याला स्वर्गात नेणाऱ्या. त्याच्याही वर तो पिंडीपुढं बसलेला, समोर पूजा सांगणारा पुजारी. माथ्यावर कलश आणि त्याच्या दोन बाजूंना सूर्य-चंद्र. ते आहेत तोवर याचं नाव राहील, असा त्याचा अर्थ. नाव मात्र राहिलेलं नाही. यावर तू हसणार हे मला माहीत आहे. आबाही हसायचे.

तुझ्या शाळेत पंचवीस एप्रिलला स्मारकापुढं सैनिकांची नावं वाचतात. तुला तेच खरं वाटणार. कर्नाटकात अशा कितीतरी दगडांवर लेख आहेत, कोण, कुणाच्या राज्यात, कशासाठी पडला ते लिहिलेलं असतं. आपल्याकडच्या बहुतेकांवर एक अक्षर नाही. आपल्याकडं असे दगड शिलाहार-यादवांच्या काळात, म्हणजे साधारण अकराव्या ते तेराव्या शतकात, खूप उभे राहिले. त्या वेळी गावातल्या सगळ्यांना तो कोण हे ठाऊकच होतं, लिहिलेलं वाचणारे मोजके. चित्र पुरेसं होतं. पुढं सांगणारी माणसं संपली आणि चित्र तेवढं उरलं.

आबांचं दुसरं सांगणं मला जास्त कामाचं वाटतं. वरचे कप्पे फार बघत बसू नकोस, म्हणायचे, ते सगळ्यांचे सारखेच. अप्सरा त्याच, पिंड तीच. एखादा वीर जैन असला तर पिंडीच्या जागी तीर्थंकर बसलेला, एवढाच फरक. मेल्यावर सगळ्यांचं एकच होतं, पण मरतो प्रत्येक जण आपापल्या कारणानं, आणि ते कारण तळाला असतं. गंमत अशी की नेमका तळच जमिनीत जातो. देवळाभोवती वर्षानुवर्षं माती चढते, कुणी भर टाकतं, आणि पहिला कप्पा बुडतो.

आमच्या दगडाचंही तेच झालं होतं. त्या सकाळी आबांनी खुरपं काढलं आणि आम्ही दोघांनी हातभर माती उकरली. आधी एक पाय लागला, मग आडवा पडलेला माणूस, बुचड्यासकट. आणि त्याच्या शेजारी गाई. तीन होत्या, एकीमागं एक, मधली मान वळवून मागं बघणारी. आबा काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "गुरं वळवून आणताना पडलाय."

गाव लुटायला आलेले पहिल्यांदा गुरं हाकून न्यायचे, कारण तीच दौलत. मागं धावून गेलेला कुणी परत आला, कुणी नाही. खालच्या कप्प्यात गाई असल्या की बहुतेक वेळा ही गोष्ट असते. गाईंऐवजी वाघ किंवा रानडुक्कर असेल तर शिकारीत किंवा जनावराशी झुंजताना गेलेला. बोरिवलीला मामीकडं जातो ना, तिथं एक्सरला सहा वीरगळ आहेत आणि त्यांतल्या काहींवर चक्क जहाजं आहेत. वल्ह्यांच्या रांगा, वर धनुष्यबाण घेतलेले सैनिक, पाण्यात पडणारी माणसं. यादव राजा महादेव आणि कोकणचा शिलाहार सोमेश्वर यांच्यातल्या, 1265 च्या सुमाराच्या समुद्रावरच्या लढाईची ती चित्रं असं बरेच जण मानतात. पण तिथंही लेख नाही, आणि ते दगड त्याहून जुने आहेत असं म्हणणारेही आहेत. जहाजं म्हणजे समुद्रावर लढाई झाली, इथवर दगड सांगतो. कुणाची, हे आपण इतिहासातून आणून त्याला चिकटवतो. आमच्या दगडाला चिकटवायला तर इतिहासही नाही. तरी गाई आहेत.

आता तू विचारला नाहीस पण बघितलास तो दुसरा दगड. कोपरात वाकवलेला हात, पंजा वर, मनगटात बांगड्या. तू त्याला हाय-फाइव्ह दिलास आणि काकू केवढ्यांदा ओरडली. तो आशीर्वादाचा हात नाही. ती सतीशिळा. नवऱ्यामागं चितेवर गेलेल्या बाईची खूण. बांगड्या एवढ्यासाठी की ती सवाष्ण गेली. माई दर अमावास्येला त्या हाताला हळदकुंकू लावायची, मीही लावलंय. आबांना विचारलं होतं, तिला विचारलं असेल का कुणी? ते म्हणाले, "दगडावर ते कोरत नाहीत." या वेळी मी वीराला हात जोडले आणि त्या हातापुढं नुसती उभी राहिले, हे तू पाहिलंस की नाही कोण जाणे. काय करावं मला कळत नाही, अजूनही.

मग नमस्कार कशाला? सवयीनं, हे पहिलं उत्तर. माई करायची म्हणून. दुसरं असं की मला त्याचं नाव माहीत नाही, पण तो कशासाठी धावला ते मी माझ्या हातानं माती काढून पाहिलंय. दर वर्षी अनोळखी माणसांची नावं ऐकताना तू शांत उभी राहतेस ना, तसंच काहीसं. तू करावास असं माझं मुळीच म्हणणं नाही. फक्त पुढच्या वेळी सकाळी लवकर जाऊ, एवढं चालेल?

कारण यंदा तुला गाई दाखवता आल्या नाहीत. चार वर्षांपूर्वी देवळाभोवती फरशी घातली, चांगल्या मनानंच घातली, पावसात चिखल व्हायचा. पण ती दगडाच्या मांडीपर्यंत आली आणि तळचा कप्पा पुन्हा गेला. मी बाळूदादाला फोन केला, दगडाभोवतीच्या दोन फरश्या काढता येतील का म्हणून. तो म्हणाला, "बघू, जत्रा झाल्यावर."

काल तू काढलेला फोटो बघत होते. तू अप्सरांवर नेम धरलायस, तरी खालचा भाग आलाय. मोठा करून बघ. फरशीच्या कडेला, चंदेरी रंगाखाली, डावीकडून हाताची चार बोटं मोजून दोन बारीक टोकं वर आलीत. आधी मला सिमेंटचा गोळा वाटला. ती शिंगं आहेत, मान वळवलेल्या मधल्या गाईची.

आई